शेकडा दोन आणि वर्षाला अकरा : सोनं तारण ठेवण्याआधीचा हिशेब

मैत्रिणींनो, पेरणी तोंडावर आली की बी-बियाणं, खत आणि मुलांच्या शाळेचा खर्च एकदमच अंगावर येतो. कपाशी घरात यायला दिवाळी उजाडते. मधल्या चार-पाच महिन्यांत हातात पैसा नसतो, तेव्हा डब्यातली पोत नाहीतर झुंबर बाहेर निघतं. बदनापूर तालुक्यात तेव्हा दोन दारं समोर असतात. एक बँकेचं आणि दुसरं गावातल्या किंवा बाजारपेठेतल्या सोनं ठेवून पैसे देणाऱ्याचं.

गावातला म्हणतो, "शेकडा दोन, कागद नाही, फी नाही, आत्ता पैसे घेऊन जा." बँकेतले साहेब म्हणतात, "वर्षाला दहा पूर्णांक पंचाण्णव, अधिक प्रक्रिया शुल्क, अधिक जीएसटी." ऐकताना दोन हा आकडा लहान वाटतो आणि अकरा मोठा. त्यात फी कापणार म्हटलं की बँक महागच वाटते. पण ही दोन मापं वेगळी आहेत. एक किलोत सांगतो आणि दुसरा पायलीत. दोन्ही एकाच मापात आणल्याशिवाय कोण स्वस्त ते कळत नाही.

त्यासाठी तीनच गोष्टी बघायच्या. व्याज कसं मोजतात, व्याजाशिवाय काय कापतात, आणि मधेच थोडे पैसे भरले तर त्याचं काय करतात. एका उदाहरणावर हे तिन्ही करून बघू. उदाहरणातले दर हिशेब सोपा व्हावा म्हणून धरले आहेत. तुमच्या बँकेचा दर वेगळा असेल, पण रीत हीच राहील.

आपलं उदाहरण

समजा आपल्या गटातल्या एका ताईला १० जूनला ६०,००० रुपये हवे आहेत. १५ नोव्हेंबरला कपाशीची पहिली वेचणी विकून तिच्या हातात ३०,००० आणि वर थोडे पैसे येतील. उरलेले पैसे २० जानेवारीला येतील, आणि त्या दिवशी तिला डाग सोडवायचा आहे.

पहिली गोष्ट : व्याज कसं मोजतात

"शेकडा दोन" म्हणजे शंभर रुपयांना महिन्याला दोन रुपये. वर्षाचे महिने बारा, म्हणून दोन गुणिले बारा, वर्षाला २४ टक्के. शेकडा दीड म्हणजे वर्षाला १८ टक्के आणि शेकडा तीन म्हणजे ३६ टक्के. कोणी महिन्याचा दर सांगितला की तिथंच त्याला बाराने गुणायचं. बँकेचा दर वर्षाचाच असतो, त्याला गुणायचं नाही. म्हणजे आपली खरी तुलना २ आणि १०.९५ अशी नसून २४ आणि १०.९५ अशी आहे.

दर कळला तरी काम संपत नाही, कारण तो दर किती दिवसांवर लावतात हेही बघावं लागतं. बँका साधारणपणे दिवसावर व्याज मोजतात. वर्षाला १०.९५ टक्के म्हणजे शंभर रुपयांना दिवसाला ३ पैसे. ६०,००० रुपयांना दिवसाला १८ रुपये. पैसे ४३ दिवस वापरले तर ४३ दिवसांचंच व्याज.

गावाकडे बहुतेक ठिकाणी महिन्यावर मोजतात आणि सुरू झालेला महिना पूर्ण धरतात. १० जूनला पैसे घेतले आणि ११ जुलैला परत केले, तर वापर ३१ दिवसांचा पण व्याज दोन महिन्यांचं. म्हणून गावात सोनं ठेवताना विचारा, "महिन्यावर चार दिवस गेले तर चार दिवसांचं घेता, का पूर्ण महिन्याचं?" काही जण पंधरा दिवसांचा अर्धा महिना धरतात. जे काही असेल ते पावतीवर लिहून घ्या. बँकेत आणि सोनेतारण कंपनीतही एक विचारायचंच, की कमीत कमी किती दिवसांचं व्याज लावता. कुठे सात दिवसांचं, कुठे त्याहून जास्त असतं.

बँकेत आणखी एक प्रश्न आहे. "व्याज मुद्दलात कधी मिळवता?" काही कर्जात दर महिन्याचं व्याज भरलं नाही की ते मुद्दलात मिळवतात आणि पुढच्या महिन्यात त्या व्याजावरही व्याज चढतं. आपल्या ६०,००० वर वर्षभर काहीच भरलं नाही, तर साधं व्याज ६,५७० रुपये होतं आणि दर महिन्याला मिळवलं तर सुमारे ६,९१० रुपये. फरक ३४० रुपयांचा. फार मोठा नाही, पण दोन बँकांचा दर सारखाच दिसला तर इथे निवाडा होतो. ताईला दर महिन्याला दूध डेअरीचा पैसा येत असेल, तर त्यातून नुसतं व्याज भरत राहिलं की हा फरक पडतच नाही.

शेतीसाठी म्हणून सोनेतारण घेतलं तर काही बँकांत दर कमी असतो आणि व्याजही महिन्याऐवजी हंगामाला किंवा वर्षाला लावतात. त्यासाठी सातबारा मागतात. आपल्याकडे जमीन बहुधा घरधन्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असते आणि दागिना आपला. अशा वेळी कर्ज कोणाच्या नावावर होईल आणि सोनं परत कोणाच्या हातात मिळेल, हे सही करण्याआधी स्पष्ट विचारा. कमी दरापायी आपला डाग दुसऱ्याच्या सहीवर अडकू देऊ नका.

दुसरी गोष्ट : व्याजाशिवाय काय कापतात

बँकेत दोन-तीन आकार असतात. प्रक्रिया शुल्क, सोनं तपासणाऱ्या मूल्यांककाची फी, आणि या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. आपल्या उदाहरणात शुल्क आणि फी मिळून ५०० रुपये धरू. त्यावर जीएसटी ९० रुपये, एकूण ५९०. लहान रकमेच्या कर्जाला काही बँका हे शुल्क घेत नाहीत, म्हणून "माझ्या रकमेला लागतं का?" असं विचारून घ्यावं.

हे सगळं एका कागदावर बघायला मिळतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना आणि कर्ज देणाऱ्या कंपन्यांना किरकोळ कर्जाआधी मुख्य माहितीचा एक कागद द्यावा लागतो. त्यात व्याजदर, सगळे आकार आणि सगळं धरून होणारा वार्षिक दर लिहिलेला असतो. इंग्रजीत त्याला की फॅक्ट स्टेटमेंट म्हणतात. हा कागद सही करण्याआधी मागायचा. दोन बँकांची तुलना करताना जाहिरातीतला दर बघू नका, या कागदावरचा सगळं धरून असलेला दर बघा.

गावातला म्हणतो फी नाही, आणि ते खरंही असतं. पण तो पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून घेतो. ६०,००० मागितले की हातात ५८,८०० येतात आणि व्याज मात्र ६०,००० वर चालू होतं. वापरायलाच न मिळालेल्या बाराशे रुपयांवर आपण महिन्याला चोवीस रुपये व्याज देत राहतो. रक्कम छोटी वाटली तरी चिठ्ठीवर किती आकडा लिहिला आहे आणि हातात किती आले, हे तिथेच मोजून बघा. प्रत्यक्ष दिली त्याहून जास्त रक्कम कागदावर लिहिणं सावकारी कायद्यात गुन्हा आहे.

कापाकापी वजनातही होते. पोतीतले काळे मणी, खडे, जुन्या दागिन्यातली लाख यांचं वजन सोन्यात धरत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण किती वजा केलं ते आपल्यासमोर व्हायला हवं. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोनेतारणाचे नवे नियम काढले. १ एप्रिल २०२६ पासून ते बँका आणि सोनेतारण कंपन्यांना बंधनकारक आहेत. त्यांच्याप्रमाणे सोनं कर्जदारासमोर तपासायचं असतं, आणि शुद्धता, एकूण वजन, निव्वळ वजन, काय वजा केलं आणि किंमत किती धरली याचा दाखला द्यायचा असतो. घडणावळीची किंमत कुठेच धरत नाहीत. अडीच लाखापर्यंतच्या घरगुती गरजेच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. मुदतीच्या शेवटी मुद्दल-व्याज एकदम भरायचं असेल, तर या ८५ टक्क्यांत वर्षाचं व्याजही बसवतात, म्हणून हातात त्याहून कमी पडतात.

गावात वजनाचा दाखला मिळत नसेल तर निदान पावतीवर दागिन्याचं नाव, वजन आणि नगांची संख्या लिहून घ्या. "पोत एक" एवढंच लिहिलं असेल, तर सोडवताना आपल्या हातात कुठली पोत आली हे सिद्ध करता येत नाही. ठेवण्याआधी वजनकाट्यावर ठेवलेल्या दागिन्याचा मोबाइलवर फोटो काढला तर तोही कामाला येतो.

तिसरी गोष्ट : मधेच थोडे पैसे भरले तर

शेतीचा पैसा एकदम येत नाही. पहिली वेचणी, दुसरी वेचणी, मग मोसंबीचा सौदा, असा तुकड्यांत येतो. म्हणून आपल्यासाठी हा नियम दराइतकाच महत्त्वाचा आहे आणि तोच विचारायचा राहून जातो.

गावात तीन तऱ्हा दिसतात. पहिली, "तुकडे घेत नाही, सगळे आणा आणि डाग घेऊन जा." दुसरी, पैसे घेतात आणि "जमा" लिहितात, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर मोजतात. तिसरी, भरलेली रक्कम मुद्दलातून वजा करतात आणि पुढे उरलेल्या बाकीवर व्याज धरतात. या तिसऱ्यातच आपला फायदा आहे. दुसरी तऱ्हा सगळ्यात फसवी, कारण पैसे भरल्याचं समाधान मिळतं पण व्याज एक रुपयाने कमी होत नाही. ओळखायचं कसं? भरल्यानंतरच्या महिन्यात किती व्याज मागतात ते बघा. ६०,००० पैकी ३०,००० भरले, तर पुढचं महिन्याचं व्याज १,२०० वरून ६०० वर यायला हवं. १,२०० च मागितले तर पैसे मुद्दलात गेलेले नाहीत.

बँकेत मधेच भरलेले पैसे आधी थकलेल्या आकारात, मग व्याजात आणि उरलेले मुद्दलात जातात. त्या दिवसापासून व्याज उरलेल्या बाकीवर लागतं. पण इथेही दोन ठिकाणी चूक होते. एक म्हणजे पैसे बचत खात्यात भरले जातात. बचत खात्यातले पैसे आपोआप सोनेतारण खात्यात जात नाहीत. ते तसेच पडून राहतात आणि कर्जाचं व्याज पूर्ण चालू राहतं. स्लिपवर कर्ज खात्याचाच नंबर लिहा आणि भरल्यावर "आता मुद्दल बाकी किती?" हे लिहून किंवा खातेउताऱ्यावर मागून घ्या. दुसरी चूक अशी, की अर्धे पैसे भरले म्हणजे अर्धं सोनं मिळेल असं आपण धरून चालतो. दागिने एका पाकिटात सील केलेले असतात, आणि बऱ्याच ठिकाणी पूर्ण कर्ज फिटल्याशिवाय पाकीट उघडत नाहीत. पोत लवकर सोडवायची असेल, तर सुरुवातीलाच पोतीवर एक आणि झुंबरावर दुसरं अशी दोन कर्जं होतील का ते विचारा. शुल्क दोनदा लागणार असेल तर तेवढं हिशेबात धरा.

मुदतीआधी कर्ज बंद केलं तर काही आकार आहे का, हाही प्रश्न दोन्ही दारांत विचारायचा. बँकेत ते मुख्य माहितीच्या कागदावर लिहिलेलं असतं.

आता ताईचा हिशेब करू

बँकेत १० जून ते १५ नोव्हेंबर १५८ दिवस होतात. रोजचे १८ रुपये, म्हणजे २,८४४ रुपये व्याज. त्या दिवशी ताईने ३२,८४४ रुपये भरले. त्यातले २,८४४ व्याजात गेले आणि ३०,००० मुद्दलात. उरलेल्या ३०,००० वर रोजचे ९ रुपये. १५ नोव्हेंबर ते २० जानेवारी ६६ दिवस, म्हणजे ५९४ रुपये.

गावातल्याकडे महिना १० तारखेला फिरतो. १० जून ते १० जानेवारी सात महिने. २० जानेवारी आठव्या महिन्यात पडते, तो पूर्ण धरला. तो तुकड्यांत पैसे घेत नाही, म्हणून आठही महिने व्याज ६०,००० वरच. आठ गुणिले १,२००, म्हणजे ९,६०० रुपये.

| | बँक | गावातला |
|---|---|---|
| १५ नोव्हेंबरपर्यंतचं व्याज | २,८४४ | ७,२०० (सहा महिने) |
| २० जानेवारीपर्यंतचं पुढचं व्याज | ५९४ | २,४०० (दोन महिने) |
| शुल्क, फी, जीएसटी | ५९० | ० |
| एकूण खर्च | ४,०२८ | ९,६०० |

फरक ५,५७२ रुपयांचा. यातला किती दरामुळे आणि किती नियमांमुळे, तेही बघू. गावातल्याने दर शेकडा दोनच ठेवला, पण दिवसावर मोजलं आणि नोव्हेंबरचे ३०,००० मुद्दलातून वजा केले, तर त्याचं व्याज सुमारे ७,५३५ रुपये झालं असतं. म्हणजे पूर्ण महिना धरणं आणि तुकडे न घेणं या दोन नियमांनीच ताईचे २,०६५ रुपये जादा गेले. "दर कमी करा" म्हटलं तर तो ऐकेलच असं नाही, पण या दोन नियमांवर बोलणी करता येतात.

यात कागदावर न दिसणारी एक गोष्टही आहे. नोव्हेंबरचे ३०,००० त्याने घेतले नाहीत, म्हणून ते घरात राहिले. घरात राहिलेला पैसा दोन महिने तसाच टिकत नाही. जानेवारीत ६०,००० एकदम उभे करावे लागतात, ते होत नाहीत आणि डाग अजून एक हंगाम तिथेच राहतो.

बँक नेहमीच स्वस्त का?

नाही. रक्कम लहान आणि मुदत थोडी असेल तर शुल्कच व्याजाहून मोठं होतं. समजा दवाखान्यासाठी १०,००० रुपये फक्त वीस दिवसांना हवे आहेत. बँकेत रोजचे ३ रुपये, वीस दिवसांचे ६० रुपये, आणि ५९० शुल्क. एकूण ६५०. गावात एका महिन्याचे २००. इथे गावातला स्वस्त पडतो. हेच १०,००० लांबत गेले तर बँकेत महिन्याला साधारण ९० रुपये वाढतात आणि गावात २००. पाच महिन्यांपर्यंत गावातला स्वस्त राहतो, सहाव्या महिन्यात बँक स्वस्त होते. बँकेने शुल्क माफ केलं तर मात्र पहिल्या दिवसापासून बँकच स्वस्त.

अशा छोट्या आणि थोड्या दिवसांच्या गरजेला सोनं काढण्याआधी गटाचं अंतर्गत कर्ज बघावं. गटात शेकडा दोन घेत असले तरी ते व्याज गटातच राहतं आणि डाग डब्यात राहतो.

गावातला परवानाधारक आहे का?

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे व्याजाने पैसे देण्याचा धंदा करायला परवाना लागतो. मग तो सराफ असो की किराणा दुकानदार. या कायद्याखाली सरकारने व्याजाची मर्यादा ठरवून दिली आहे. तारण ठेवून दिलेल्या कर्जाला शेतकऱ्याला वर्षाला जास्तीत जास्त ९ टक्के आणि इतरांना १५ टक्के. चक्रवाढ व्याज घेता येत नाही. म्हणजे ६०,००० वर महिन्याला शेतकऱ्याकडून ४५० आणि इतरांकडून ७५० रुपयांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. शेकडा दोनचे १,२०० त्यात कुठेच बसत नाहीत.

खरोखर ९ टक्क्यांनी आणि फीशिवाय मिळालं, तर ते आपल्या उदाहरणातल्या बँकेपेक्षाही स्वस्त पडेल. म्हणूनच इथे एक चलाखी होते. पावतीवर ९ किंवा १५ टक्के लिहायचे आणि तोंडी शेकडा दोन घ्यायचे. पावतीवर दर काय आहे तो वाचून घ्या, स्वतःला वाचता येत नसेल तर गटाच्या सचिव ताईकडून वाचून घ्या, आणि प्रत्येक वेळी दिलेल्या पैशाची पावती मागा. तोंडी दिलेल्या व्याजाचा पुरावा राहत नाही, आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तर आपण दिलेले पैसे कुठेच दिसत नाहीत.

परवाना बघताना नंबर, चालू वर्षाचं नूतनीकरण आणि कार्यक्षेत्र या तिन्ही गोष्टी बघा. कार्यक्षेत्र का, ते एका अनुभवावरून कळेल. २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडची कर्जं सरकारने भरून द्यायची योजना आणली. विनापरवाना सावकाराकडचं कर्ज त्यात धरलं नाही. आणि परवाना असूनही सावकाराने आपल्या कार्यक्षेत्राबाहेरच्या गावात दिलेली कर्जंही सुरुवातीला बाहेरच राहिली. कर्ज खरं, दागिना खरा, पण परवान्यावर गाव नाही म्हणून लाभ नाही.

परवान्याची चौकशी तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते. जादा व्याजाची किंवा विनापरवाना सावकारीची तक्रारही तिथे किंवा जालन्याला जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी देता येते. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मुदत संपली तर आणि सोडवून आणताना

मुद्दल-व्याज शेवटी एकदम भरायच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमात जास्तीत जास्त बारा महिने आहेत. त्या तारखेच्या आत निदान व्याज भरल्याशिवाय कर्ज पुढे चालू ठेवता येत नाही. तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण पत्ता किंवा मोबाइल नंबर बदलला असेल तर बँकेची सूचना आपल्यापर्यंत पोचत नाही. लिलावाआधी सूचना देणं बँकेला बंधनकारक आहे, आणि लिलावात बाकीपेक्षा जास्त पैसे आले तर ते सात कामकाजी दिवसांत कर्जदाराला परत द्यावे लागतात.

पूर्ण पैसे भरल्यावर सोनं त्याच दिवशी, किंवा फार तर सात कामकाजी दिवसांत परत मिळायला हवं. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. पाकीट आपल्यासमोर उघडून, दाखल्यावरच्या वजनाशी जुळवूनच सही करा. हे नियम बँका आणि सोनेतारण कंपन्यांचे आहेत. गावातल्या सावकाराला ते लागू नाहीत, तिथे आपल्या हातातली पावती हाच आधार.

दोन्ही दारांत विचारायचे प्रश्न

हे सात प्रश्न वहीत लिहून घ्या, दोन्हीकडे विचारा आणि उत्तरं समोरासमोर मांडा.

१. दर महिन्याचा की वर्षाचा? (महिन्याचा असेल तर बाराने गुणा.)
२. व्याज दिवसावर की पूर्ण महिन्यावर? कमीत कमी किती दिवसांचं?
३. न भरलेलं व्याज मुद्दलात कधी मिळवता?
४. हातात नेमके किती रुपये येतील? काय काय कापणार?
५. मधेच पैसे भरले तर मुद्दल कमी होतं का? पुढचं व्याज उरलेल्या बाकीवर लागतं का?
६. मुदतीआधी बंद केलं तर आकार आहे का? एखादा डाग आधी सोडवता येतो का?
७. मुदत कोणत्या तारखेला संपते, आणि पावतीवर वजन, दर, तारीख लिहून देता का?

मग आपले पैसे कधी आणि किती येतील त्या तारखा मांडा आणि ताईच्या हिशेबासारखा दोन्हीकडचा एकूण खर्च काढा. आकडेमोड अडली तर गटाच्या बैठकीत वही पुढे ठेवा. बँक सखी किंवा हिशेब लिहिणारी ताई दहा मिनिटांत करून देईल. हे सगळं दागिना हातातून जाण्याआधीच करायचं, कारण डाग एकदा आत गेला की बोलणी करायची आपली बाजू पडते.